तीच चारशे घरं शोधायची, की नवी चारशे काढायची?

प्रश्न: आमची संस्था बीड जिल्ह्यातल्या आठ गावांत काम करते. २०१७ मध्ये आम्ही ४०० घरांचा सर्व्हे केला होता, दर गावात ५० घरं. आता गावं किती आणि कशी बदलली ते पाहायचं आहे. तीच घरं पुन्हा शोधावीत, की नव्याने नमुना काढावा? आमचे एक मार्गदर्शक म्हणतात, जुनं सोडा, आत्ता एकदाच चांगला सर्व्हे करा आणि तरुण-म्हाताऱ्यांची तुलना करा, बदल दिसतोच. पैसे एकाच पर्यायापुरते आहेत.

उत्तर:

मार्गदर्शकांच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. काही गोष्टी माणसाच्या आयुष्यात एकदा घडल्या की बदलत नाहीत. शाळा कितवीत सुटली, लग्न कितव्या वर्षी झालं, पहिलं मूल कधी झालं. अशा बाबतीत आजची ४५ वर्षांची बाई आणि आजची २२ वर्षांची मुलगी यांची एकाच दिवशी तुलना करून वीस-बावीस वर्षांतला बदल बऱ्यापैकी कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बालविवाहाचं प्रमाण असंच, २० ते २४ वयाच्या स्त्रियांना मागचं विचारून काढतात. त्या वयोगटात अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २००५-०६ च्या फेरीत देशभरात ४७ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये २३ टक्के. दर फेरीत बायका वेगळ्या असतात, तरी आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

पण वयाबरोबर जे बदलत राहतं तिथे ही युक्ती दगा देते. आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण म्हणजे एकत्र कुटुंब. एकदाच सर्व्हे केला तर दिसेल, की साठीतले बहुतेक लोक मुला-सुनांबरोबर राहतात आणि पस्तिशीतले बरेचसे नवरा-बायको-मुलं असे वेगळे राहतात. लगेच वाक्य तयार होतं: एकत्र कुटुंब मोडत चाललं. मात्र हे चक्र जुनंच असू शकतं. बाप गेला की भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या मांडतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्याच घरात सून आली की ते घर पुन्हा एकत्र. आजचे साठीतलेही पस्तिशीत वेगळेच राहत असतील. एका दिवसाच्या फोटोवरून पिढी बदलली की फक्त वय बदललं, हे सांगता येत नाही. त्यामुळे तुमच्याकडे २०१७ चे भरलेले फॉर्म असताना ते बाजूला टाकणं मला पटत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन वेळा मोजायचं हे ठरलंच, तर तीच घरं का नवी घरं? चारशे घरांचंच गणित मांडून बघू. आकडे मी समजावण्यासाठी घेतोय, तुमच्या गावांचे नाहीत.

समजा २०१७ मध्ये तुमच्या खर्चाच्या रेषेखाली १६० घरं होती, म्हणजे ४० टक्के. आत्ता १२० आहेत, ३० टक्के. नवा नमुना काढलात तर हे दोन आकडे मिळतील आणि गरिबी दहा टक्क्यांच्या फरकाने कमी झाली असं तुम्ही लिहाल. ते खरंच असेल. पण त्या दहाच्या मागे दोन अगदी वेगळी चित्रं लपलेली असू शकतात. एका चित्रात १६० पैकी ४० घरं वर आली, १२० तिथेच रुतून बसली, आणि खाली कोणीच घसरलं नाही. दुसऱ्या चित्रात १६० पैकी ८० घरं वर आली, पण जी २४० घरं आधी बरी होती त्यातली ४० खाली गेली. आकडा दोन्हीकडे १२०. पहिल्या चित्रात तुम्हाला पिढीजात गरिबीवर काम करायचं आहे: जमीन, शिक्षण, जात. दुसऱ्या चित्रात तितकंच काम घसरणाऱ्यांना धरून ठेवण्याचं आहे: दवाखान्याचा खर्च, कोरडी पडलेली विहीर, कर्त्या माणसाचा मृत्यू. या दोन चित्रांतला फरक नव्या घरांच्या सर्व्हेतून कधीच कळणार नाही, नमुना ४०० चा असो की ४० हजारांचा. तो फक्त त्याच घरांकडे परत गेल्यावर कळतो.

मी याला निव्वळ बदल आणि उलाढाल म्हणतो. दुकानाच्या गल्ल्यात सकाळी हजार आणि रात्री नऊशे होते, एवढं कळल्यावर दिवसभरात किती आले नि किती गेले हे कळत नाही, तसं. तुम्ही प्रश्नात ‘किती आणि कशी बदलली’ असं लिहिलंय. ‘किती’ला नवी घरं चालतात. ‘कशी’ला जुनीच लागतात.

‘किती’साठीसुद्धा जुन्या घरांचा फायदा असतो, कारण त्याच घराची त्याच घराशी तुलना होते आणि घराघरांतला कायमचा फरक वजा होतो. दोन वेगळे चारशेचे नमुने घेतले तर त्या दहाच्या फरकावर साधारण ६.६ ची चूकमर्यादा येते. तीच घरं असतील तर पहिल्या चित्रात ती २.९ आणि दुसऱ्यात ५.३ येते. उलाढाल जितकी जास्त, तितका फायदा कमी. यात गावांचा मुद्दा मी धरलेला नाही, त्याकडे शेवटी येतो.

इथवर वाचून तुम्ही पॅनेलच्या, म्हणजे तीच घरं पुन्हा पुन्हा मोजण्याच्या, बाजूला झुकला असाल. सल्ला देणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. पण पॅनेलचे दोन रोग आहेत आणि दोन्ही मी अंगावर काढलेले आहेत.

पहिला रोग म्हणजे मोजणीतली चूक बदलाचा वेष घेऊन येते. पुन्हा तेच चारशे घ्या, आणि समजा मधल्या वर्षांत एकाही घरात काहीही बदललेलं नाही. १६० गरीब, २४० बरे, दोन्ही वेळी. फक्त आपली मोजणी दर दहापैकी एका घराला चुकीच्या खान्यात टाकते. खर्चाच्या प्रश्नांत एवढी चूक सहज होते. घरातल्या बाईऐवजी सासऱ्यांनी उत्तरं दिली की तेवढ्याने पुरतं. आता बघा काय होतं. २०१७ मध्ये तुम्हाला १६८ घरं गरीब दिसतील (खऱ्या गरिबांतली १४४ आणि चुकून आलेली २४). आत्ताही १६८ दिसतील. निव्वळ बदल शून्य, आणि ते बरोबर आहे. पण घर जोडून घर पाहिलंत तर ३६ घरं वर आलेली आणि ३६ खाली गेलेली दिसतील. १६८ पैकी ३६, म्हणजे २१ टक्के गरीब घरं गरिबीतून बाहेर पडली असा निष्कर्ष निघेल. बाहेर पडलं कोणीच नाही. दोन फेऱ्यांतल्या चुका निव्वळ आकड्यात एकमेकींना खातात आणि उलाढालीत मात्र साचत जातात.

संस्थांच्या अहवालांत ही चूक फार दिसते. सर्वांत गरीब दिसलेल्या घरांना योजनेत घेतलं, दोन वर्षांनी पुन्हा मोजलं, पाचातलं एक घर वर आलं, योजना यशस्वी. त्यातली काही घरं पहिल्या वेळी चुकूनच खाली दिसली होती, ती योजना नसतीच तरी वर दिसली असती.

हा रोग ओळखायचा कसा? एक उपाय स्वस्त आहे. दुसरी फेरी चालू असतानाच तीस-चाळीस घरांत दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या माणसाला पाठवून तेच मुख्य प्रश्न पुन्हा विचारायचे. एवढ्या थोड्या दिवसांत घर गरिबीतून वर येत नाही, त्यामुळे जो ‘बदल’ दिसेल तो जवळपास सगळा मोजणीचा दोष. त्यावरून तुमच्या उलाढालीतून किती वजा धरायचं याचा अंदाज येतो. दुसरा उपाय म्हणजे साक्षीदार शोधणं. घर खर्चाच्या आकड्यावर वर आलं असेल तर दुसरं काहीतरी बदललेलं असतं: पत्र्याच्या जागी स्लॅब, एक म्हैस, हात उसने घेणं बंद. ‘वर आलेल्या’ घरांत यातलं काहीच हललेलं नसेल तर आकड्यावर संशय घ्या. फेऱ्या तीन असतील तर आणखी एक खूण मिळते. चुकीने वर गेलेली घरं पुढच्या फेरीत लगेच खाली परततात, खरी वर आलेली बहुतेक टिकतात.

जुनं उत्तर समोर ठेवून विचारावं का, हा वाद यातूनच येतो. ‘मागच्या वेळी चार एकर सांगितली होती, आता किती?’ असं विचारलं की खोटे बदल कमी होतात, पण लोक मान हलवतात आणि खरे बदलही गायब होतात. मी मधला मार्ग धरतो. आधी कोऱ्याने विचारायचं, उत्तर लिहायचं, मग जुना आकडा उघडायचा आणि फरक असेल तरच कारण विचारायचं. ‘विकली’, ‘वाटणी झाली’, ‘तेव्हा गायरानातली धरून सांगितली होती’. तिसऱ्या प्रकारचं उत्तर आलं की जुना फॉर्म दुरुस्त करायचा नाही; नव्या रकान्यात नोंद करायची.

मोजमापाची चूक फक्त पॅनेलला बाधते असंही नाही. नव्या घरांच्या सर्व्हेत प्रश्न बदलला तर तोसुद्धा समाज बदलल्यासारखा दिसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नावरचा खर्च तीस दिवसांचा आणि सात दिवसांचा असा शेजारी शेजारी रकान्यांत विचारला गेला. आधीच्या मोठ्या फेऱ्यांत तो तीस दिवसांचा होता. दोन उत्तरं एकमेकांना ओढू लागली आणि त्या फेरीतली गरिबीची घट खरी किती, कागदावरची किती, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले. म्हणून २०१७ चा प्रश्न आज कितीही गबाळा वाटला तरी तो शब्दाशब्दाने तसाच ठेवा. सुधारलेला प्रश्न हवा असेल तर शेवटी वेगळा जोडा.

दुसरा रोग गळती, म्हणजे पुन्हा न सापडणारी घरं. बीडमध्ये काम करणाऱ्याला हे मी सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जानेवारीत गेलात तर कुलूप लागलेली घरं कोणाची असतील हे तुम्हाला ठाऊक आहे. गळती कधीच सगळीकडे सारखी होत नाही, आणि ती जिथे जास्त होते तिथेच तुमचा विषय असतो.

पुन्हा चारशे. समजा ३४० सापडली, ६० निसटली. निसटलेल्यांत ४० घरं २०१७ मध्ये गरीब होती, २० बरी होती. सापडलेल्या १२० गरीब घरांतली ६० वर आली. सापडलेल्या २२० बऱ्या घरांतली ३० खाली गेली. म्हणजे आत्ता ३४० पैकी ९० घरं गरीब, २६.५ टक्के. २०१७ चा आकडा ४० टक्के. फरक साडेतेरा! हा आकडा अहवालात गेला तर चूक, कारण ४० टक्के सगळ्या चारशेंचे आहेत आणि २६.५ फक्त सापडलेल्यांचे. सापडलेल्या ३४० मध्ये २०१७ ला गरीब होते १२०, म्हणजे ३५.३ टक्के. खरी तुलना ३५.३ आणि २६.५ ची, फरक पावणेनऊ.

यापुढे जाऊन भार देता येतो. सापडलेलं प्रत्येक गरीब घर १.३३ घरांच्या वतीने बोलतं असं धरायचं (१६० भागिले १२०), आणि प्रत्येक बरं घर १.०९ घरांच्या वतीने. तसं केल्यावर आत्ताची गरिबी २८.२ टक्के येते. हे गणित एका गृहीतावर उभं आहे: न सापडलेली गरीब घरं सापडलेल्या गरीब घरांसारखीच वागली असतील. पुण्याला जाऊन स्थिरावलेलं घर आणि कर्ज न फिटल्यामुळे रातोरात गेलेलं घर, दोन्ही तुमच्या यादीत ‘घर बंद’ असंच लिहिलेलं असतं. म्हणून मी एक प्रामाणिक पट्टाही देतो. निसटलेली साठही आज गरीब असतील तर प्रमाण ३७.५ टक्के, एकही नसेल तर २२.५. साठ घरांनी पंधरा टक्क्यांचा पट्टा तयार केला, म्हणजे तुम्ही मोजायला निघालेल्या बदलापेक्षाही मोठा. त्यामुळे पॅनेलमध्ये शेवटची वीस घरं शोधण्यावर केलेला खर्च पहिल्या दोनशेंवर केलेल्या खर्चापेक्षा मोलाचा असतो. बजेट मांडताना हे लक्षात ठेवा. बहुतेक जण दर घरी सारखा खर्च धरतात आणि मग माग काढायला गाडीभाडंच उरत नाही.

मोठ्या पॅनेलनाही हे चुकलेलं नाही. एनसीएईआर ही दिल्लीतली आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबांपासून सुरू केलेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ च्या फेरीला ८३ टक्के कुटुंबं पुन्हा सापडली. सात वर्षांच्या अंतरासाठी हे चांगलं काम आहे, आणि शहरांत प्रमाण गावांपेक्षा कमी होतं.

त्या सर्वेक्षणात वेगळ्या झालेल्या चुली त्याच गावात असतील तर त्यांचीही मुलाखत घेतली गेली. तुम्हाला हाच नियम आधी लिहून ठेवावा लागेल, कारण एवढ्या वर्षांत ‘तेच घर’ म्हणजे काय हे धूसर होतं. २०१७ ला बाप आणि दोन मुलं एका चुलीवर होते. आज बाप धाकट्याकडे आहे, थोरल्याची चूल वेगळी. फक्त बाप ज्या घरात आहे ते ‘तेच घर’ धरलंत तर थोरल्याची चूल, जी बहुधा अधिक ओढाताणीत असते, तुमच्या आकड्यांतून उडते. मी २०१७ च्या प्रत्येक व्यक्तीची यादी घेऊन जातो आणि आज ती व्यक्ती कुठे आहे ते लिहितो: याच घरात, याच गावात दुसऱ्या चुलीवर, बाहेरगावी, वारली. जिथे जिथे २०१७ चा माणूस सापडतो ती चूल नमुन्यात. दोन चुलींची बेरीज करून जुन्या एका घराशी तुलना कधी करायची आणि माणशी आकडा कधी काढायचा, हे प्रश्नावर अवलंबून आहे. जमिनीला बेरीज बरी, खर्चाला माणशी.

मुलींचं काय होतं ते वेगळं सांगतो. २०१७ ला चौदा वर्षांची असलेली मुलगी आज सासरी आहे. घरांच्या पॅनेलमध्ये ती नाहीशी होते आणि तिच्या जागी कुठून तरी आलेली सून दिसते. ‘घरातल्या तरुण स्त्रियांचं शिक्षण वाढलं’ असं वाक्य तुम्ही लिहाल तेव्हा ते दोन वेगवेगळ्या बायकांची तुलना करत असेल. निदान माहेरी तरी विचारा: कुठे दिली, कितव्या वर्षी, किती लांब. हे साधे प्रश्न किती दूर नेतात याचं उदाहरण आपल्याच मुलखात आहे. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सुरू केलेल्या गाव-अभ्यासात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली कान्झरा आणि किनखेडा ही गावं होती, शिवाय तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरची दोन. दर गावात ४० घरं: दहा भूमिहीन, आणि लहान, मध्यम, मोठे शेतकरी दहा-दहा. गावातच राहणारे अन्वेषक काही आठवड्यांनी परत परत त्याच घरी जात, काही गावांत तर दहा वर्षं. त्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञ मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की मुली लांबच्या गावांत देण्यामागे दुष्काळाची जोखीम वाटून घेण्याचाही हिशेब असतो. इथे पाऊस हुकला तरी सोयऱ्यांच्या गावात पडलेला असतो. घराचं उत्पन्न वर्षागणिक हलतं आणि खर्च त्या मानाने कसा कमी हलतो, हे वर्षानुवर्षं त्याच घरांत बसल्याशिवाय दिसलंच नसतं. जाता जाता, चार गटांतून दहा-दहा घरं घेतलेला तो नमुना गावातल्या खऱ्या प्रमाणात नाही, म्हणून त्याची सरळ सरासरी काढून ‘गावाची सरासरी’ म्हणणं चूक ठरतं. तुमच्या ५० घरांची निवड २०१७ ला कशी झाली होती तेही तपासा.

एक माझी फजिती. एका पुनर्सर्व्हेत आमची सापडलेल्या घरांची टक्केवारी संशय यावा इतकी चांगली आली. मग पहिल्या फेरीतला चौदा वर्षांचा मुलगा सात वर्षांनी बारा वर्षांचा झालेला दिसला. गावात एकाच नाव-आडनावाचे दोघे होते आणि आमचा अन्वेषक पहिल्या भेटलेल्याच्या घरी बसून फॉर्म भरून आला होता. तेव्हापासून नियम केला: दोन्ही फेऱ्यांतली व्यक्तींची यादी संध्याकाळी शेजारी ठेवायची. लिंग जुळलं पाहिजे, वय मधल्या वर्षांइतकं वाढलं पाहिजे. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे चालतात, कारण मोठी माणसं वय चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असंच सांगतात. पण लहान मुलाचं वय तेवढं चुकत नाही. घरातल्या निम्म्या माणसांचं वय जुळत नसेल तर ते घर दुसरंच आहे.

आता गावांचा राहिलेला मुद्दा, कारण माझी शिफारस त्यावर आहे. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात: पाणी एक, बाजार एक, सोसायटी एक. म्हणून आठ गावांतली चारशे घरं ही विखुरलेल्या चारशे घरांइतकी माहिती देत नाहीत. हे सारखेपण अगदी थोडं धरलं, शून्य ते एकच्या मापावर ०.०५, तरी तुमची ४०० घरं साधारण ११६ घरांइतकी उरतात. नवी गावं घेतलीत तर हा तोटा दोनदा सोसावा लागतो. तीच गावं ठेवून घरं नवी घेतली तर गावाचा कायमचा फरक बराच वजा होतो. म्हणजे जुनी घरं न सापडली तरी जुनी गावं सोडायची नाहीत.

पैसे एकाचेच आहेत म्हणता, तरी मी तुम्हाला मिश्रण करायला सांगेन. जुनी चारशे शोधा आणि त्याशिवाय शंभर घरं नव्याने काढा, गावाची आजची घरयादी करून. कारण जुनी चारशे ही २०१७ च्या गावाची प्रतिनिधी आहेत, आजच्या गावाची नाहीत. त्यानंतर आलेली कुटुंबं, हमरस्त्यालगतची नवी वस्ती, परत आलेले लोक त्यात नाहीत. फक्त पॅनेल चालवत राहिलात तर तुमचं गाव दर फेरीला म्हातारं होत जातं. जुन्या घरांवरून उलाढाल सांगा. आजच्या गावाचं प्रमाण सांगताना नवी घरं शेजारी ठेवून ताडून पाहा. दोन्हींत मोठी तफावत निघाली तर गळती किंवा नवे रहिवासी यांपैकी काहीतरी बोलतंय. सरकारी श्रमबल पाहणीत २०१७-१८ पासून शहरांत अशीच तडजोड होती: निवडलेल्या घराला चार वेळा भेट, आणि दर तिमाहीला एक चतुर्थांश नमुना नवा.

शंभर नव्या घरांचे पैसे फॉर्म छोटा करून काढा. उलाढालीसाठी लागणारे वीस-पंचवीस प्रश्न ठेवा, बाकीचे गाळा. एक गोष्ट मात्र वाढवा. दोन टोकांच्या फेऱ्यांवरून मधलं काही दिसत नाही. २०२० मध्ये कोसळून पुन्हा उभं राहिलेलं घर तुम्हाला ‘बदल नाही’ असंच दिसेल. त्यासाठी वर्षवार पट्टी काढा आणि तिच्यावर लोकांना आठवणाऱ्या खुणा मांडा: २०१८ चा दुष्काळ, लॉकडाऊन, घरातलं लग्न, मोठं आजारपण. ‘तेव्हा गाय होती का, विकली ती लॉकडाऊनच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की बरंच आठवतं. रुपयांतला आकडा असा विचारू नका, तो आठवत नाही, रचला जातो.

महिना तोच ठेवा. २०१७ ला मे महिन्यात गेला होतात तर आताही मे. तेव्हा हंगामात गेला असाल तर हंगामातच जा आणि कुलूपबंद घरांसाठी उन्हाळ्यात दुसरी चक्कर ठेवा. मुकादमाकडून कुठला कारखाना, कुठला फड एवढं कळलं तरी फोनवर छोटा फॉर्म भरून घेता येतो. फोनच्या घरांना वेगळी खूण करा, कारण फोनवर लोक ‘नाही’ म्हणून प्रश्न लवकर संपवतात.

हे सगळं करण्याआधी एक आठवडा द्या. कपाटातले जुने फॉर्म काढा आणि पहिल्या पानावर वडिलांचं नाव, टोपणनाव, गल्ली किंवा वस्ती लिहिली आहे का ते बघा. २०१७ ला संमती घेताना ‘पुन्हा येऊ’ असं सांगितलं होतं का, तेही. नसेल तर या वेळी दारात आधी ते विचारायचं, आणि नावांची यादी उत्तरांच्या फाइलपासून वेगळी, कुलपात. मग दर गावातून पाच अशी चाळीस घरं चिठ्ठ्या टाकून काढा आणि दोन दिवसांत शोधून बघा. घर किंवा निदान त्यातला एखादा माणूस कुठे आहे हे खात्रीने सांगणारं कोणी पस्तीसच्या वर घरांसाठी भेटलं, तर पॅनेल करा. पंचवीसच्या खाली असेल तर त्याच आठ गावांत नवी घरं घ्या आणि अहवालात ‘गरिबीतून बाहेर पडलेली घरं’ हा शब्दप्रयोग कुठेही येऊ देऊ नका. मधे अडकलात तर ती न सापडलेली घरं २०१७ मध्ये कोणत्या खान्यात होती ते मोजून मला लिहा, मग ठरवू.